तेरजेतला फरक सस्पेन्सला टाकला, आता तो शोधायचा कसा?

प्रश्न: "मी कोल्हापुरात एका दुकानाचा हिशेब लिहिते. कीर्द-खतावणी हातानेच आहे. ३१ मार्चच्या तेरजेत जमा बाजू १४,५८० ने जास्त आली, म्हणून तेवढी रक्कम सस्पेन्सला नावे टाकून बेरीज जुळवली. निम्मी करून पाहिली, नवाने भागून पाहिलं, काही सापडत नाही. सीए म्हणतात सस्पेन्स काढून आणा. कुठून सुरुवात करू?"

ताई, तुमची नोंद चुकलेली नाही. नावे बाजू कमी पडत होती, सस्पेन्स नावे बाजूलाच आला, ते बरोबर. अडचण वेगळीच आहे. १४,५८० ही एकच चूक आहे असं धरून तुम्ही शोधताय. ती एक चूक असू शकते, पण तीन-चार चुकांची वजाबाकी होऊन उरलेली रक्कमही असू शकते. निम्मं करणं आणि नवाने भागणं या दोन्ही युक्त्या चूक एकटी असेल तरच चालतात. म्हणून आधी फरक फोडून लहान करायचा आणि मग युक्त्या लावायच्या.

काही गोष्टी तुमच्या वह्यांवर अवलंबून आहेत. वर्षाच्या मध्ये कधी तेरीज काढून जुळवली होती का? असेल तर निम्मं काम वाचलं. ऋणकोंची खाती वेगळ्या वहीत आहेत की मुख्य खतावणीतच? आणि सस्पेन्स खात्यावर हा फरक एकटाच आहे ना? बऱ्याच दुकानांत बँकेत आलेली नाव न कळलेली रक्कमही सस्पेन्सलाच जमा करतात. ती नोंद बँक नावे, सस्पेन्स जमा अशी दोन्ही अंगांनी पूर्ण असते, त्यामुळे तिने तेरीज बिघडत नाही. तसं काही असेल तर त्या रकमा आधी वेगळ्या खात्यावर काढा, नाहीतर १४,५८० मध्ये नसलेली गोष्ट शोधत बसाल. टॅलीवर काम असतं तर मी फक्त सुरुवातीच्या शिल्लका तपासायला सांगितल्या असत्या, कारण दोन बाजू न जुळणारं व्हाउचर टॅली स्वीकारतच नाही. तिथला फरक जवळपास नेहमी ओपनिंग बॅलन्समध्ये असतो. हाताच्या वहीत मात्र एक बाजू लिहिली आणि दुसरी राहिली, असं सहज होतं.

खतावणीला हात लावण्याआधी तासाभराचं काम करा. तेरजेच्या दोन्ही बाजूंची बेरीज खालून वर करा, शक्य असेल तर दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. मग खतावणीचं एकेक पान उलटत प्रत्येक शिल्लक तेरजेत आली का आणि योग्य बाजूला आली का ते बघा. खर्चाचं खातं जमा बाजूला दिसलं की थांबा. त्यानंतर मागच्या वर्षीचा ताळेबंद शेजारी ठेवून १ एप्रिलच्या सुरुवातीच्या शिल्लका लावून बघा. नवी वही घालताना एखादं जुनं, वर्षभर न हललेलं खातं मागच्या वहीतच राहून जातं. त्यावर कुणी काही लिहीत नाही, म्हणून ते आठवतही नाही.

आता तुमची रक्कम. निम्मी ७,२९०. कुठली तरी ७,२९० ची नावे रक्कम चुकून जमेला गेली असेल तर नावे बाजू तेवढीच कमी आणि जमा बाजू तेवढीच जास्त होते, म्हणजे दुप्पट फरक. नवाने भागल्यावर १,६२० येतात आणि बाकी उरत नाही. पण इथेच थांबून "आकडे उलटे पडले असणार" म्हणू नका. शेजारचे दोन आकडे उलटे झाले की फरक नेहमी ९, ९०, ९०० अशा रकमेच्या एक-अंकी पटीत येतो. भागाकार २, २०, २०० असा एक आकडा आणि पुढे शून्यं, असा दिसायला हवा. १,६२० तसा नाही. म्हणजे शेजारचे आकडे उलटण्याची एकच चूक हे कारण तुमच्याकडे संभवत नाही. भागाकार असा अनेक-अंकी येतो तेव्हा एक शून्य जास्त किंवा कमी पडल्याचा संशय घ्यायचा. १६,२०० च्या जागी १,६२० लिहिले तर फरक बरोबर १४,५८० चा येतो. जमा बाजू जास्त आहे, तेव्हा एक तर १६,२०० नावे टाकायचे होते तिथे १,६२० पडले, किंवा १,६२० जमा करायचे होते तिथे १६,२०० झाले. आधी या तीनच रकमा शोधा: १४,५८०, ७,२९० आणि १,६२०-१६,२०० ची जोडी. दर नऊ संख्यांत एक नवाने भागली जातेच, म्हणून सापडलं नाही तर त्या नादी लागू नका.

आणि सापडलं तरी लगेच खोडरबर उचलू नका. हे मी आग्रहाने सांगतो, कारण मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या व्यापाऱ्याकडे मी हेच होताना पाहिलं आहे. त्यांचा माल बराचसा गुजरातकडे जायचा, वह्या हाताच्या, खाती दीडशेच्या आसपास. मार्चअखेरच्या तेरजेत जमा बाजू ३,३०० ने जास्त होती आणि तेवढे सस्पेन्सला नावे होते. दिवाणजी जुने, अनुभवी. त्यांनी निम्मं केलं, १,६५० आले, आणि खरंच टेम्पोभाड्याची १,६५० ची एक नोंद सापडली. ती जमेला गेलेली नव्हती, भाडे खात्यावर नावेच होती, पण अक्षर फिकट होतं आणि शेजारी खाडाखोड होती. "ही दोनदा टाकायची राहिली असणार" असं म्हणत ते आणखी १,६५० नावे टाकायच्या आणि कुठूनतरी तितकेच जमेतून कमी करायच्या विचारात होते. मी ती पावती मागवली. पावती एकच, रक्कम १,६५०, कीर्दीत एकदा, खात्यावर एकदा, योग्य बाजूला. नोंद निर्दोष होती. ती 'दुरुस्त' केली असती तर तेरीज त्याच संध्याकाळी जुळली असती. खऱ्या चुका मात्र तिथेच राहिल्या असत्या आणि त्यात एका खोट्या दुरुस्तीची भर पडली असती. फरकाशी रक्कम जुळली म्हणजे फक्त संशय येतो. चूक ठरते ती मूळ पावती किंवा पुस्तक खात्याशी जुळत नाही तेव्हाच.

मग आम्ही फरक फोडायला बसलो. सुदैवाने ३० सप्टेंबरची तेरीज काढलेली होती आणि ती जुळलेली होती, म्हणजे शोधायचे महिने सहाच उरले. इथे पूर्ण तेरीज पुन्हा काढायची गरज नसते. सुरुवात जुळलेली असेल तर पुढच्या प्रत्येक काळातल्या नुसत्या नोंदींची नावे-जमा बेरीजही जुळलीच पाहिजे. म्हणून प्रत्येक खात्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नावे किती पडले आणि जमा किती, एवढंच पेन्सिलीने काढायचं, रोकड आणि बँक धरून. काळ छाटताना महिनाअखेरच धरा. विक्री पुस्तकाची बेरीज विक्री खात्यावर महिनाअखेरीस चढते, पण गिऱ्हाइकांच्या खात्यांवर नोंदी रोज पडतात. १५ तारखेला छाटलंत तर चूक नसतानाही फरक दिसेल आणि दोन दिवस वाया जातील.

पहिल्या तीन महिन्यांत जमा बाजू १,८०० ने जास्त निघाली, पुढच्या तीन महिन्यांत १,५०० ने. म्हणजे ३,३०० ही एक चूक नव्हतीच. लक्षात घ्या, ३,३०० ला नवाने भाग जात नाही, म्हणून दिवाणजींनी उलट्या आकड्यांची शक्यता सोडून दिली होती. १,८०० ला मात्र भाग जातो आणि भागाकार २०० येतो. एकच आकडा, पुढे दोन शून्यं. याचा अर्थ हजाराच्या आणि शेकड्याच्या जागेवरचे आकडे उलटे झालेत आणि त्या दोन आकड्यांत दोनाचा फरक आहे. आता सगळ्या पानांवर टिका मारत बसायची गरज नव्हती. कीर्दीतल्या खर्चाच्या रकमांत अशी जोडी बघत गेलो. डिसेंबरमध्ये हमालीची पावती होती ८,६४० ची. कीर्दीतही ८,६४०. हमाली खात्यावर मात्र ६,८४०. फरक १,८००. पावतीवर आकडा आणि अक्षर दोन्ही स्पष्ट होते, शंकेला जागा नव्हती.

उरले जानेवारी ते मार्च, फरक १,५००. निम्मे ७५० शोधले, तसं काही नव्हतं. म्हणून तेही महिन्या-महिन्याने फोडलं. जानेवारी जुळला. फेब्रुवारीत जमा बाजू २,५०० ने जास्त. मार्चमध्ये उलट, नावे बाजू १,००० ने जास्त. दिवाणजी इथे घाबरले, त्यांना वाटलं आपली नवी बेरीजच चुकली. पण अशा कामात बाजू बदलणं हे चांगलं लक्षण असतं. एकमेकांना झाकणाऱ्या चुका आता सुट्या झालेल्या असतात.

फेब्रुवारीचे २,५०० निम्मे केले, १,२५०. त्या महिन्यात गिऱ्हाइकांना दिलेल्या सुटीची एकूण रक्कम बरोबर १,२५० होती. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की ती कशी होते ते नीट सांगतो. रोकड पुस्तकाच्या आवक बाजूला रकमेशेजारी सुटीचा रकाना असतो. समजा गिऱ्हाइकाकडून २०,००० येणे होते, त्याने १९,८०० दिले आणि २०० सोडले. त्याच्या खात्यावर दोन्ही मिळून २०,००० जमा होतात. आवक बाजूची प्रत्येक ओळ अशी कुणाच्या तरी खात्यावर जमेलाच जाते आणि हाताला तीच सवय लागते. पण महिनाअखेर त्या रकान्याची बेरीज सूट खात्यावर नावे टाकायची असते, कारण तो दुकानाचा खर्च आहे. सवयीच्या भरात ती बेरीजही जमेला गेली होती. जानेवारीत बरोबर, मार्चमध्ये बरोबर, फक्त फेब्रुवारीत चूक. त्या महिन्यात खतावणी दुसऱ्या मुलाने केली होती.

मार्चचे १,०००. असा गोल आकडा आला की मी आधी बेरजा आणि पान पुढे नेलेले आकडे बघतो, कारण बेरजेत हातचा चुकला की फरक बहुतेक १०, १००, १,००० असा येतो. विक्री पुस्तकात एका पानाच्या तळाशी २,४६,८५० होते आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर 'मागून आणले' म्हणून २,४५,८५० लिहिले होते. गिऱ्हाइकांची खाती एकेका बिलावरून चढली होती, म्हणून ती बरोबर होती. महिन्याची बेरीज तेवढी कमी झाली आणि विक्री खात्यावर १,००० कमी जमा झाले. याची उलटतपासणीही झाली. ऋणकोंची सुरुवातीची शिल्लक, अधिक पुस्तकातली विक्री, वजा वसुली, सूट आणि माल परत, असं एकत्र मांडलं तर जी रक्कम येते तिच्यापेक्षा ऋणकोंच्या यादीची बेरीज नेमकी १,००० ने जास्त होती. तुमची ऋणकोंची वही वेगळी असेल तर ही मांडणी सुरुवातीलाच करून बघा. फरक ऋणकोंच्या भागात आहे की बाहेर, हे अर्ध्या तासात कळतं.

आता दुरुस्तीच्या नोंदी. इथे खाडाखोड करायची नाही, सांकेतिक खुणाही नाहीत. प्रत्येक चुकीची स्वतंत्र नोंद आणि खाली कीर्दीचं पान, पावतीची तारीख यांचा उल्लेख. हमाली खाते नावे १,८००, सस्पेन्स खाते जमा १,८००. सूट खाते नावे २,५००, सस्पेन्स खाते जमा २,५००. इथे १,२५० लिहिलंत तर फसाल: चुकीने जमेला गेलेले १,२५० रद्द व्हायला हवेत आणि खरे १,२५० नावे पडायला हवेत, म्हणून दुप्पट. तिसरी नोंद उलट बाजूची: सस्पेन्स खाते नावे १,०००, विक्री खाते जमा १,०००. सस्पेन्स खात्यावर आता नावे बाजूला ३,३०० आणि १,००० मिळून ४,३००, जमा बाजूला १,८०० आणि २,५०० मिळून ४,३००. खातं आपोआप बंद झालं. शेवटचा आकडा कुणाला 'बसवावा' लागला नाही, आणि मी तपासताना हेच बघतो.

यात नफ्याचं काय झालं तेही पाहा. खर्च ४,३०० ने कमी दिसत होता, विक्री १,००० ने. म्हणजे नफा ३,३०० ने जास्त दाखवला जात होता आणि तेच ३,३०० ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला सस्पेन्स म्हणून बसले असते. कुणाकडून येणं नाही, कुठे वस्तू नाही, तरी मालमत्ता. तुमच्या सीएंना ते नको आहे, आणि त्यांचं बरोबर आहे.

एक सावधगिरी. असं बारकाईने बघताना तुम्हाला दुसऱ्या जातीच्या चुकाही सापडतील. त्या व्यापाऱ्याकडे एका पाटलांची १२,००० ची वसुली दुसऱ्या पाटलांच्या खात्यावर जमा झालेली निघाली. कोल्हापुरात पाटील किती, हे तुम्हाला सांगायला नको. पण यात नावे-जमा दोन्ही पूर्ण होत्या, फक्त माणूस चुकला. ही चूक तेरजेत दिसत नाही आणि तिचा सस्पेन्सशी संबंध नाही. दुरुस्ती थेट: ज्यांच्या खात्यावर चुकून पडले ते पाटील नावे, ज्यांनी पैसे दिले ते पाटील जमा. तसंच नवा वजनकाटा घेतला आणि तो दुरुस्ती खर्चात टाकला, किंवा एखादं बिल कीर्दीतच आलं नाही, तरी तेरीज जुळलेलीच राहते. अशा दुरुस्तीत सस्पेन्सचं एक अंग घातलंत तर जुळत आलेलं खातं पुन्हा बिघडेल. प्रत्येक चुकीला स्वतःला एकच विचारा: मूळ नोंदीच्या दोन्ही अंगांत सारखीच रक्कम पडली होती का? पडली असेल तर सस्पेन्स नाही. एकाच अंगात गडबड असेल तरच सस्पेन्स.

तुमच्याकडे मधली जुळलेली तेरीज नसेल तर मात्र काम लांबेल. अशा वेळी मी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन तुकडे करतो. ज्या तुकड्यात फरक निघेल तो पुन्हा तोडायचा, दोन्हींत निघाला तर दोन्ही. फरकाचा महिना सापडला आणि तिथे युक्त्या चालल्या नाहीत, तर त्या महिन्याच्या सगळ्या नोंदींवर टिका मारायच्या, पण नेहमी कीर्दीकडून खतावणीकडे. टिका संपल्यावर खतावणीत बिनटिकेची एखादी रक्कम उरली तर ती दोनदा चढलेली किंवा बिनआधाराची असते. खात्यावरून कीर्दीकडे जात राहिलात तर खात्यावर चढायचीच राहिलेली नोंद कधीच सापडणार नाही.

एवढं करूनही थोडा फरक उरला, तर तो 'किरकोळ खर्च' म्हणून उडवू नका. दहा-वीस रुपयांच्या मागेही दहा हजारांच्या दोन उलट चुका असू शकतात. कुठले महिने जुळले, कुठला जुळला नाही, किती सापडलं आणि किती उरलं, हे एका कागदावर लिहून नोंदींच्या प्रतींसह सीएंना द्या. पुढचा निर्णय त्यांचा. पुढच्या वर्षी तो सापडला आणि मागचे हिशेब बंद झालेले असतील, तर खर्च-विक्रीची दुरुस्ती चालू वर्षाच्या हमाली किंवा विक्री खात्यात न मिसळता मागील वर्षाची म्हणून वेगळी दाखवावी लागेल, हेही त्यांना तेव्हाच विचारून ठेवा. आणि १६,२०० ची जोडी बघून झाली की इथे कळवा, नसेल मिळाली तर महिनावार फरक लिहा, मी बघून सांगतो.